शिपाई काकांच्या निरोप समारंभात स्मृतिचिन्ह देताना काय बोलावं?

प्रश्न : आमच्या कार्यालयातले शिपाई काका या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. तीस-पस्तीस वर्षं नोकरी झाली आहे. स्वभाव अगदी अबोल, कामाशी काम. स्मृतिचिन्ह देताना दोन-तीन मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे आणि मला इथे येऊन जेमतेम दीड वर्ष झालंय. काय बोलू? आणि पोकळ वाटू नये म्हणून काय करू?

उत्तर :

तुम्ही नवे आहात ही अडचण समजू नका. जुनी माणसं आठवणींत रमतात आणि तीन मिनिटांची पंधरा मिनिटं होतात. तुम्हाला माहिती गोळा करावी लागणार, म्हणून तुमचं भाषण नेमकं होण्याची शक्यता जास्त. फक्त ती माहिती कशी गोळा करायची, ते कळलं पाहिजे.

सहकाऱ्यांना "काका कसे आहेत हो?" असं विचारलंत की सगळीकडून एकच उत्तर येतं : फार चांगले, मनमिळाऊ, कधी कुणाला दुखावलं नाही. ही तीन विशेषणं कुठल्याही निवृत्त होणाऱ्या माणसाला लावता येतात, म्हणून ऐकणाऱ्याच्या मनात काहीच उभं राहत नाही. त्याऐवजी विचारा : "काका रजेवर असतात तेव्हा नेमकं काय अडतं?" अबोल माणसाचं काम तो नसतानाच दिसतं, त्यामुळे याचं उत्तर विशेषणात देताच येत नाही. उत्तर येतं ते वस्तूत किंवा कामात : अमुक कपाटाची किल्ली, जनरेटर सुरू करताना आधी दाबायचं बटण, जुन्या फायली, सहीसाठी अडकलेला कागद कुणाच्या टेबलावर आहे ते.

चार जणांना विचारलंत तरी पुरे, पण ते चार वेगवेगळ्या ठिकाणचे हवेत. आवक-जावक किंवा टपाल पाहणारा एक. अभिलेख कक्षाशी संबंध येणारा एक. सर्वांत नवा कर्मचारी, कारण पहिल्या दिवशी त्याला पाण्याच्या जागेपासून हजेरीपटापर्यंत सगळं बहुधा काकांनीच दाखवलेलं असतं. आणि आधी निवृत्त झालेला एखादा सहकारी, त्याला फोन करून. सुरुवातीच्या काळाची खरी माहिती या शेवटच्या माणसाकडेच मिळते.

आता तारखांबद्दल, कारण सगळ्यात जास्त दुखावणारी चूक इथेच होते. सेवापुस्तकात नियमित नेमणुकीची तारीख असते. पण बरेच शिपाई त्याआधी काही वर्षं रोजंदारीवर किंवा तात्पुरत्या नेमणुकीवर काम करत असतात. समजा, काका १९८९ साली रोजंदारीवर आले आणि १९९४ साली कायम झाले. २०२५ साली निवृत्त होताना कागदावर ३१ वर्षं भरतात. त्यांच्या आणि घरच्यांच्या हिशेबात ती ३६ असतात. आणि मधली पाच वर्षंच सगळ्यात कष्टाची गेलेली असतात. तुम्ही माइकवरून "३१ वर्षांची सेवा" म्हणालात तर ते काही बोलणार नाहीत, पण ते त्यांच्या लक्षात राहील. म्हणून त्यांनाच विचारा, "काका, तुम्ही इथे पहिल्यांदा कामाला कधी आलात?" आणि ते सांगतील ते साल धरा. निवृत्तिवेतनाची कागदपत्रं आस्थापना शाखा करते, तिथे सेवापुस्तकातलीच तारीख चालते. तुमचं भाषण हे काही शासकीय कागद नाही. कुणी आक्षेप घेऊ नये म्हणून "सेवा" ऐवजी "ते या कार्यालयात आले" असं म्हणा, म्हणजे वाक्य दोन्हीकडून खरं राहतं.

त्याच भेटीत आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. पूर्ण नाव कसं लिहितात (वर्षानुवर्षं सगळे "काका" म्हणत असतात, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ कुणालाच ठाऊक नसतो). घरून कोण कोण येणार आहे. आणि स्वतः दोन शब्द बोलायची इच्छा आहे का. शेवटच्याला नकार आला तर तो अंतिम समजा. समारंभात ऐन वेळी माइक पुढे करून "काका, बोला ना, बोला" असा आग्रह धरणं हा प्रेमाचा अतिरेक असला तरी त्या माणसाला तो छळच वाटतो.

काय बोलू नये

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठी निरोपाच्या भाषणात ठरावीक वाक्यं आपोआप तोंडात येतात आणि त्यातली निम्मी शोकसभेतून आलेली असतात. "त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे", "त्यांची उणीव सदैव भासेल", "ते अत्यंत प्रेमळ होते". समोर खुर्चीत बसलेल्या, धडधाकट माणसाबद्दल "होते" म्हटलं की सभागृहात कुणीतरी खाली मान घालून हसतं. नियम सोपा आहे : कामाबद्दल भूतकाळ, माणसाबद्दल वर्तमानकाळ. "त्यांनी ३६ वर्षं टपाल पोहोचवलं", पण "ते शांत आहेत", "त्यांना प्रत्येक फायलीची जागा माहीत आहे". "उर्वरित आयुष्य सुखाचं जावो" हेही टाळा. "पुढची वर्षं" म्हणा.

दुसरा सापळा "असूनही"चा आणि "असले तरी"चा. "शिपाई पदावर असूनही त्यांनी", "पद लहान असलं तरी मन मोठं". बोलणाऱ्याला हे कौतुक वाटतं. पण ऐकणाऱ्याला, विशेषतः काकांच्या मुलांना, पहिला अर्धा भागच ऐकू येतो. पदाचा उल्लेख करायचा तर सरळ करा, माफी मागितल्यासारखा नको.

"कधी तक्रार केली नाही" हे वाक्य तर हमखास असतं. दोन कारणांनी मी ते काढायला सांगतो. एक, ते बहुधा खोटं असतं : वेतनवाढ अडकली होती किंवा रजा नाकारली होती तेव्हा त्यांनी अर्ज दिलेला असतो आणि आस्थापनेतल्या माणसाला तो आठवतो. दोन, समोर बसलेल्या इतर चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना त्यातून असा अर्थ लागतो की तक्रार न करणं हाच गुण. "निमूटपणे काम केलं" याच जातीचं. त्यात सहन केल्याची छटा आहे. "गाजावाजा न करता" म्हटलं तर चालतं, तेही एकदाच.

चहाचा उल्लेख टाळता आला तर बरं. "काकांच्या हातचा चहा" प्रत्येक वक्ता म्हणणारच आहे. तुमच्या आधी तिघं बोलणार असतील तर तोपर्यंत तो तीनदा होऊन गेलेला असेल. आजारपण, कर्ज, मुलाची नोकरी, घरातल्या अडचणी यातलं काहीही, अगदी सहानुभूतीनेही नको. टोपणनाव, बोलण्याची लकब, डुलकी यांवरचे विनोद कार्यालयात रोज चालत असतील, पण घरच्यांसमोर चालत नाहीत.

आणि "फूल ना फुलाची पाकळी" नको. वस्तू देण्याआधीच ती क्षुल्लक आहे असं सांगण्यात नम्रता नाही, सवय आहे.

नमुना

वर म्हटल्याप्रमाणे माहिती मिळाली असं धरून एक पूर्ण भाषण खाली देतो. यातला मजकूर तसाच उचलू नका, त्यातली कामं तुमच्या काकांची नसतील. पण वाक्यांचा क्रम ठेवलात तर चालेल.

> नमस्कार. आज आपण श्री. (पूर्ण नाव) यांच्यासाठी जमलो आहोत. १९८९ साली ते या कार्यालयात आले. आज ३६ वर्षं झाली.
>
> मला इथे येऊन दीड वर्ष झालं. त्यामुळे ३६ वर्षांबद्दल स्वतःच्या आठवणी मी सांगू शकत नाही. मी तुमच्यापैकी काही जणांना एकच प्रश्न विचारला : काका रजेवर असतात तेव्हा काय अडतं?
>
> एक उत्तर आलं, जुनी फाइल. क्रमांक माहीत असेल तर फाइल कुणालाही सापडते. पण "ती कुंपणाच्या वादाची, बहुतेक हिरव्या कव्हरची" एवढंच आठवत असेल, तर ती फक्त काकांना सापडते. दुसरं उत्तर आलं, अपुऱ्या पत्त्याचं पत्र. पाकिटावर नुसतं नाव असलं तरी काका ते योग्य टेबलावर नेऊन ठेवतात, आणि ते नाव बदली होऊन गेलेल्या माणसाचं असेल तर तो आता कुठे आहे हेही त्यांना ठाऊक असतं.
>
> तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली नाही. अभिलेख कक्षातला सगळ्यात खालचा कप्पा पावसाळाभर रिकामा असतो. एका वर्षी तिथे पाणी शिरलं होतं. तेव्हापासून दर वर्षी पावसाआधी काका खालचे गठ्ठे वर चढवतात आणि पाऊस संपला की पुन्हा खाली उतरवतात. असा आदेश कुठल्याही फायलीत नाही. मी शोधला.
>
> काका, गेल्या आठवड्यात तुम्ही आम्हाला तो कप्पा दाखवलात. यापुढे ते गठ्ठे आम्ही चढवू.
>
> हे स्मृतिचिन्ह आपण सगळ्यांनी मिळून केलं आहे. त्यावर काकांचं नाव आहे, १९८९ आणि २०२५ ही दोन सालं आहेत आणि एक ओळ आहे : "यांनी ३६ वर्षे हे कार्यालय रोज सकाळी उघडले."
>
> काका, काकू, पुढच्या वर्षांसाठी आम्हा सगळ्यांच्या शुभेच्छा. काका, कृपया पुढे या.

हे साधारण दोनशे शब्द आहेत. मंचावरून सावकाश मराठी बोलताना मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात, म्हणजे थांबे धरून अडीच मिनिटांत संपतं. तुमचं भाषण ३०० शब्दांच्या पुढे गेलं तर एक प्रसंग काढा. विशेषणं छाटून वेळ वाचत नाही.

यात मुद्दाम केलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो. पूर्ण नाव पहिल्या मिनिटातच येतं, आणि "श्री." लावून येतं. पुढे "काका" म्हटलं तरी चालतं, कारण तेच त्यांचं कार्यालयातलं नाव आहे. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेण्याचं काम सूत्रसंचालकाचं, तुमचं नाही. साहेबांपासून सुरुवात केलीत तर ज्याच्यासाठी समारंभ आहे त्याचं नाव सातव्या क्रमांकावर जातं.

कप्प्याचा प्रसंग तिसरा ठेवला आहे, कारण पहिल्या दोन गोष्टी सभागृहातल्या लोकांना माहीत असतात, ते मान डोलावतात. तिसरी बहुतेकांना माहीत नसते. शांतपणे केलेलं काम म्हणजे काय, हे असं एखादं उदाहरण सांगतं. तुम्हाला स्वतः असं काही सापडेपर्यंत थोडं फिरा : किल्ल्यांच्या फळीवर कुणाच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, घड्याळाचे सेल कोण बदलतं, सूचना फलकावरची जुनी पत्रकं कोण काढतं. मात्र सापडलेली गोष्ट काकांनीच केली आहे याची खात्री एका जुन्या माणसाकडून करून घ्या. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय काकांना दिलंत तर तेच सगळ्यात आधी अस्वस्थ होतात.

आणि शेवटी काकांशी थेट बोललेलं वाक्य हे आश्वासन आहे, स्तुती नाही. अबोल माणसाला समोरासमोरची स्तुती झेपत नाही, तो खाली पाहतो. काम पुढे नीट चालेल हे ऐकायला त्याला आवडतं. फक्त आश्वासन खरं असू द्या. काम शिकून घेतलं नसेल तर समारंभाआधी दोन दिवस जाऊन खरंच शिकून घ्या.

स्मृतिचिन्हावरचा मजकूर आणि देण्याची कृती

मजकूर करायला टाकण्याआधी कागदावर लिहून काकांच्या घरच्या कुणाकडून नाव तपासून घ्या. पदनाम नेमणुकीच्या आदेशात असेल तसं घाला किंवा घालूच नका. परस्पर "सहायक" वगैरे करून बढती देऊ नका. ओळ एकच, सात-आठ शब्दांची. जास्त मजकूर घातला की अक्षरं बारीक होतात आणि भिंतीवर लावल्यावर काहीच वाचता येत नाही. समारंभाच्या आठ-दहा दिवस आधी काम द्या, म्हणजे चूक निघाली तर दुसरं करून घ्यायला वेळ राहतो. कोरण्याआधीचा नमुना या कामात नसलेल्या एका माणसाला वाचायला द्या. ज्यांनी तो लिहिला त्यांना त्यातली चूक दिसत नाही. "सेवानिवृत्ती"तला ऱ्हस्व-दीर्घ आणि सालातले अंक, चुका बहुधा इथेच असतात.

वस्तू एका हाताने धरता येईल अशी निवडा. काचेची जड वस्तू दिसते छान, पण ती देताना निसटते, आणि घरी जाताना काकांच्या हातात हार, पिशवी आणि हे असं सगळं असतं.

समारंभाच्या दिवशी वस्तू खोक्यातून काढून, पुसून, टेबलावर तयार ठेवा. मंचावर चिकटपट्टी सोलत बसायची वेळ येऊ देऊ नका. सगळ्यात नेहमीचा गोंधळ माइकमुळे होतो : एका हातात माइक, दुसऱ्या हातात कागद आणि आता स्मृतिचिन्ह कसं उचलायचं? "पुढे या" म्हटलं की माइक खाली ठेवा किंवा शेजाऱ्याला द्या, कागद खिशात घाला, मग दोन्ही हातांनी वस्तू खालून धरा, अक्षरं प्रेक्षकांकडे. देताना काहीही बोलू नका. फोटोसाठी तीन-चार सेकंद थांबा. मग ठरवून ठेवलेल्या एका माणसाने वस्तू काकांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवावी, नाहीतर पुढचा सगळा कार्यक्रम ते ती छातीशी धरून उभे राहतात.

स्मृतिचिन्ह साहेब देणार असतील तर तुमचं शेवटचं वाक्य तेवढं बदला : "साहेबांना विनंती, काकांना स्मृतिचिन्ह द्यावं." साहेबही नवे असतील तर त्यांनी बोलण्याची गरज नाही, देण्याचं काम पुरे आहे. काकूंना मंचावर बोलवायचं असेल तर तेही आदल्या दिवशी त्यांना विचारून.

एक गोष्ट भाषणाबाहेरची, पण तुमच्या शब्दांचं वजन तिच्यावर आहे. निरोपाच्या दिवशी खुर्च्या कोण लावतंय, पाण्याच्या बाटल्या कोण आणतंय, तिकडे लक्ष द्या. तीस वर्षांच्या सवयीने काका स्वतःच्याच समारंभाची सतरंजी घालायला लागतात आणि कुणाला ते खटकतही नाही. ही कामं सकाळीच दुसऱ्या दोघांना नावानिशी नेमून द्या आणि काकांना तसं सांगा. बसण्याचंही तेच. त्यांची खुर्ची मंचावर मध्यभागी हवी आणि तिथपर्यंत त्यांच्यासोबत जाणारा एक माणूस हवा. नाहीतर ते दाराशी उभे राहतात, कारण एरवीच्या प्रत्येक कार्यक्रमात त्यांची जागा तीच असते. स्मृतिचिन्ह घेताना ते सवयीने वाकले तर त्यांच्या खांद्याला हात लावून थांबवा. साहेबांनाही हे आधी सांगून ठेवा.

बोलताना तुमचाच गळा दाटला तर कागदाकडे पाहा आणि पुढचं वाक्य वाचा. नमुन्यात थेट बोललेल्या वाक्यानंतर लगेच स्मृतिचिन्हावरचा मजकूर येतो तो त्यासाठीच, नाव आणि सालं वाचताना आवाज सावरतो. काकांचे डोळे भरले तर माइकवरून "काका भावुक झाले आहेत" असं जाहीर करू नका. पाच सेकंद काहीच न बोलता थांबलं तरी चालतं. कागद एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात, ओळींत भरपूर जागा सोडून छापा. प्रत्येक परिच्छेद वेगळा दिसला पाहिजे, म्हणजे वर पाहून पुन्हा खाली पाहिल्यावर ओळ चुकत नाही.

असे कार्यक्रम उशिरा सुरू होतात, आणि तुमची पाळी येईपर्यंत कुणीतरी कानात सांगतं, "एका मिनिटात आटपा." म्हणून एक मिनिटाची आवृत्ती आधीच कागदावर खुणेने ठरवून ठेवा. नमुन्यातला पहिला परिच्छेद, कप्प्याचा प्रसंग, स्मृतिचिन्हावरची ओळ आणि "पुढे या". फाइल, पत्र आणि तुमच्या दीड वर्षाचा उल्लेख हे सगळं गाळलं तरी चालेल.